लकव्यानंतर बाबांना गिळता येत नाही. चमचाभर पाण्याच्या चाचणीत ठसका लागला नव्हता, तरी न्यूमोनिया झाला. गिळण्याची एक्स-रे तपासणी करावी का?

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळं लिहिते.

बाबा ६६ वर्षांचे, आम्ही नाशिकला असतो. सोळा दिवसांपूर्वी पहाटे उठले आणि भिंतीला धरूनच उभे राहिले. सगळं गरगरतंय म्हणाले, दोन उलट्या झाल्या. चालवून बघितलं तर डावीकडे झोक जात होता. आवाज एका रात्रीत घोगरा झालेला. आणि उचकी, ती तर दोन दिवस थांबेना. एमआरआयमध्ये मेंदूच्या खालच्या देठात, मेड्युलाच्या डाव्या बाजूला, रक्तपुरवठा बंद पडल्याचं दिसलं. हातापायांत ताकद पूर्ण आहे. फक्त उजव्या हाताला गरम पाणी गरम लागत नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "हातपाय चालतायत ना, मग थोडक्यात निभावलं."

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांना दोन चमचे पाणी पाजून बघितलं. ठसका लागला नाही. "गिळतायत, द्या खायला," असं सांगितलं. आम्ही चहात बुडवलेलं बिस्कीट आणि मऊ खिचडी दिली. पाचव्या दिवशी १०१.५ ताप, ऑक्सिजन खाली, आणि एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या तळाशी डाग. मग नाकातून नळी घातली. ताप आता गेलाय, पण नळी आहेच.

नवीन न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात, पुण्याला किंवा मुंबईला जाऊन व्हिडिओफ्लुरोस्कोपी करून घ्या. काकांचं म्हणणं, एवढा प्रवास कशाला, परत एकदा चमच्याने पाणी देऊन बघू. माझे प्रश्न तीन. ती तपासणी खरंच लागते का? त्यात बेरियम पाजतात, ते फुप्फुसात गेलं तर? आणि ही नळी किती दिवस ठेवायची? बाबा दिवसातून दहा वेळा हात जोडून घोटभर चहा मागतात. मला ते बघवत नाही.

निवांतवाचक | मंगळवार, रात्री १०:१५

ताई, मी निवृत्त जनरल प्रॅक्टिशनर आहे, तालुक्याच्या गावी चाळीस वर्षं काढली. आमच्याकडे असली यंत्रं कधीच नव्हती. चमच्याच्या दांड्याने घशाच्या मागच्या भिंतीला हलकेच स्पर्श करा. उमासा आला तर घसा जिवंत आहे, पाजायला हरकत नाही. नाही आला तर थांबा. आणि पाणी, चहा, ताक सगळं बंद ठेवून घट्ट पदार्थ द्या, नाचणीची घट्ट पेज, दाट वरण. पातळ पटकन घसरून श्वासनलिकेत जातं, घट्ट जात नाही. लकव्याच्या कितीतरी पेशंटांना मी असंच सांभाळलंय.

अंबाडी | मंगळवार, रात्री १०:५०

माझ्या आईचं सांगते. गेल्या वर्षी तिचा उजवा हात-पाय गेला, बोलणंही गेलं. पहिल्या दिवशी पाण्याच्या चौथ्या चमच्यालाच ठसका, म्हणून तोंडाने सगळं बंद. स्पीच थेरपिस्ट रोज सकाळी येऊन पुन्हा बघायच्या. सहाव्या दिवशी दाट दही जमलं, नवव्या दिवशी कपाने पाणी प्यायली, नळी निघाली. एक्स-रे, दुर्बीण काहीच केलं नाही आणि कधी न्यूमोनियाही झाला नाही. त्यामुळे मला तरी वाटतं, थोडं थांबा. आपोआप येतं ते.

घोटभर | मंगळवार, रात्री ११:३०

गोदाकाठ, मी स्पीच थेरपिस्ट आहे. बारा वर्षं न्यूरोच्या वॉर्डात गिळण्याचंच काम करते. आधी मला काही गोष्टी सांगा. बाबा स्वतःची लाळ गिळतात की थुंकतात? खोकून दाखवा म्हटलं तर खोकला जोरात येतो की नुसती हवा निघते? बोलताना आवाज घशात पाणी साचल्यासारखा येतो का? आणि वजन किती उतरलं?

तोवर अंबाडीताईंच्या आईबद्दल. त्यांचा अनुभव खराच आहे आणि बहुतेकांचं तसंच होतं. मेंदूच्या एका गोलार्धात झटका आला की गिळणं बिघडतं, पण दुसरा गोलार्ध हळूहळू काम उचलतो. एक-दोन आठवड्यांत बरेच जण तोंडाने खायला लागतात. अशा पेशंटला रोज खाटेशी बसून तपासत राहणं पुरतं. ठसका लागत होता, म्हणजे घसा इशारा देत होता. तो इशारा कमी होत गेला तसं खाणं वाढवलं. यात तपासणीने नवीन काही कळलं नसतं.

गोदाकाठच्या बाबांचं वेगळं आहे, कारण जागा वेगळी आहे. गिळण्याचा अख्खा क्रम जिथून हलतो ती केंद्रं मेड्युलातच असतात. घास जिभेने मागे ढकलला की पुढचं सगळं, म्हणजे स्वरयंत्र वर उचलणं, श्वासाची वाट मिटणं, अन्ननलिकेचं तोंड उघडणं, हे सेकंदभरात तिथल्या हुकमाने होतं. त्या जागेचं नुकसान असलं की हातपाय धडधाकट आणि घसा मात्र बंद, असं चित्र दिसतं. वर त्या बाजूच्या घशाची आणि स्वरयंत्राची जाणीवही बोथट होते. म्हणून पाणी स्वरपट्ट्यांच्या खाली उतरतं आणि माणूस शांत बसून राहतो, ठसकाच लागत नाही. तुमच्या बाबांच्या "ठसका नाही" या निकालावर माझा विश्वास बसत नाही, तो यासाठी.

डॉक्टरकाका, उमाशाबद्दल मात्र मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. कितीतरी धडधाकट माणसांना तिथे स्पर्श केला तरी उमासा येत नाही आणि ती मजेत जेवतात. उलट उमासा येणारा पेशंट गुपचूप फुप्फुसात पाणी घेत असतो. उमासा म्हणजे घशातलं बाहेर फेकणं. गिळणं ही वेगळीच क्रिया आहे, एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. दाट पदार्थांचंही बोलायचंय, पण आधी ताईंची उत्तरं येऊ द्या.

चिंतामणी_को | बुधवार, सकाळी ७:०५

मलाही सहा महिन्यांपासून भाकरी गिळताना छातीत अडकल्यासारखं होतं, वरून पाणी प्यावं लागतं. मीही ही फ्लुरोस्कोपी करू का? कोल्हापुरात होते का?

घोटभर | बुधवार, सकाळी ७:४०

काका, तुमचा रस्ता वेगळा आहे. घास गिळून झाल्यावर छातीत अडकतो आणि पाण्याने उतरतो, म्हणजे प्रश्न घशाचा नसून अन्ननलिकेचा आहे. पोटविकारतज्ज्ञांकडे जा, दुर्बिणीने अन्ननलिका बघून घ्या. सहा महिने झालेत, आता टाळू नका. वजन उतरत असेल तर याच आठवड्यात जा.

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ११:२०

घोटभर, लाळ अजिबात गिळत नाहीत. दिवसभर वाटी हातात, सारखे थुंकतात. रात्री उशीवर टॉवेल घालतो, सकाळी तो ओला चिंब असतो. पहिल्या दिवसापासून हेच आहे, आम्हाला वाटलं मळमळ आहे. खोकला काढा म्हटलं तर फुसका निघतो. आवाज घोगरा आहेच, पण अधूनमधून गुळण्या केल्यासारखा येतो. वजन ७१ होतं, काल ६७ भरलं.

तिसऱ्या दिवशी थुंकत होते हे कुणी विचारलंच नाही. आम्हीही सांगितलं नाही.

आशा_सिस्टर | बुधवार, दुपारी ३:१०

ताई, ते सांगणं तुमचं काम नव्हतं. ते बघणं आमचं काम आहे. मी वीस वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यामुळे वॉर्डात काय होतं ते सांगते.

दोन चमचे पाणी ही चाचणी नाही, ती चाचणीची सुरुवात आहे. आम्हाला शिकवलेली पद्धत अशी. पेशंट पूर्ण जागा हवा, खाट वर करून सरळ बसवलेला. तोंड आधी स्वच्छ करायचं. नाव विचारून आवाज ऐकायचा. खोकायला लावायचं. मग लाळ गिळायला सांगून गळ्यावर दोन बोटं ठेवायची, कंठमणी वर जातो का बघायचं. इथेच अडलं, लाळच सांडत असली, तर पाणी द्यायचंच नाही, चाचणी तिथे संपली. हे जमलं तर एकेक चमचा पाणी, प्रत्येक चमच्यानंतर "आ" म्हणायला लावायचं. तेही जमलं तर कपाने ९० मिली सलग प्यायला द्यायचं, मध्ये न थांबता, आणि नंतर मिनिटभर तिथेच उभं राहायचं. ठसका, ओला आवाज किंवा मध्येच थांबणं, यातलं काहीही झालं तर नापास.

तुमचे बाबा लाळेपाशीच नापास होते. चमचा हातात घ्यायलाच नको होता.

आता दुसरी बाजू. रात्रपाळीला एक सिस्टर आणि भरलेला वॉर्ड. स्ट्रोकची गोळी लगेच द्यायची असते, म्हणून पाण्याबरोबर गोळी आधी जाते आणि चाचणी मागून होते. हे मी डोळ्यांनी बघितलंय. गोळीसुद्धा चाचणीनंतरच तोंडात जायला हवी. ऑस्ट्रेलियात १९ स्ट्रोक युनिटांमध्ये नर्सना ताप, साखर आणि गिळणं या तीनच गोष्टींची शिस्त लावली आणि २०११ साली निकाल छापले. तीन महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबी होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांऐवजी ४२ टक्के निघालं. औषध नवं नव्हतं, यंत्र नवं नव्हतं. आमच्याकडे मी हा कागद मेट्रनच्या टेबलावर दोनदा ठेवलाय.

अजून एक. न्यूमोनिया चहा-बिस्किटानेच झाला असं मी छातीठोक म्हणणार नाही. पहिल्या दिवशी उलट्या झाल्या होत्या, त्यातलंही आत गेलं असेल. लाळ तर सतत उतरतेय. स्वतःला दोष देऊ नका. तोंड मात्र दिवसातून तीन-चार वेळा ब्रशने स्वच्छ करा, जीभ आणि गालांच्या आतून. नळीवरच्या पेशंटचं तोंड कुणी घासत नाही आणि तीच घाण लाळेबरोबर छातीत जाते.

लीड्सकर | बुधवार, सायंकाळी ५:३०

इथे माझ्या सासऱ्यांना स्ट्रोकने दाखल केलं तेव्हा चार तासांच्या आत गिळण्याची चाचणी व्हायलाच हवी असा नियम असल्याचं कळलं. ती होईपर्यंत खाटेच्या डोक्याशी "तोंडाने काही नाही" अशी पाटी होती. आम्ही घरून आणलेला शिरासुद्धा परत पाठवला. तेव्हा राग आला होता.

घोटभर | बुधवार, रात्री १०:०५

आशाताईंनी माझं अर्धं काम केलं. आता मूळ प्रश्न, तपासणी लागते का.

खाटेशी केलेली चाचणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते: या माणसाला आत्ता तोंडाने देणं धोक्याचं आहे का? का बिघडलंय, नेमकं कुठे, आणि कोणत्या युक्तीने सुधारेल, हे ती सांगू शकत नाही, कारण घशाच्या आत कुणी बघितलेलंच नसतं. बोटाला लावायची ऑक्सिजनची क्लिपही इथे फसवते. पाणी आत जाऊनही आकडा जागचा हलत नाही, कधी काही न जाताही खाली येतो.

म्हणून मी तपासणी कधी मागते? एक तर झटका मेंदूच्या देठात असेल तेव्हा, कारण तिथे ठसका भरवशाचा नाही. दुसरं, चाचणीत सगळं ठीक दिसूनही ताप किंवा छातीचा त्रास होत असेल तेव्हा. आणि तिसरं, दोन आठवडे झाले तरी नळीवरून हलता येत नाही आणि पुढे काय व्यायाम द्यायचा तेच कळत नाही, तेव्हा. तुमच्या बाबांना ही तिन्ही लागू आहेत. अंबाडीताईंच्या आईला एकही नव्हतं.

उलट, पेशंट गुंगीत असेल, बसवता येत नसेल, किंवा निकाल काहीही आला तरी उपचार तोच राहणार असेल, तर मी पाठवत नाही.

आता कोणती करायची. दोन आहेत. एकात कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा आमच्यापैकी कुणी नाकातून बारीक दुर्बीण घशाच्या वर लटकवतो आणि रंगीत पाणी, दही देऊन वरून बघतो. तिला आम्ही फीस म्हणतो. खाटेवर होते, किरणं नाहीत, परत परत करता येते, साचलेली लाळ छान दिसते. पण नेमक्या गिळण्याच्या क्षणी घसा मिटतो आणि पडदा पांढरा होतो. त्या अर्ध्या सेकंदात काय झालं ते आधीच्या आणि नंतरच्या चित्रावरून ओळखायचं. दुसरी ही एक्स-रेची. तिच्यात बाजूने सगळा प्रवास दिसतो, ओठांपासून अन्ननलिकेपर्यंत, आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतंय की नाही हे थेट दिसतं. तुमच्या बाबांच्या बाबतीत मला नेमका तोच संशय आहे, म्हणून मी एक्स-रेवालीच सुचवेन. नाशिकमध्येच फीस मिळत असेल आणि पुण्याचा प्रवास झेपणार नसेल, तर काहीच न करण्यापेक्षा फीस कितीतरी बरी.

चिंतामणी_को | बुधवार, रात्री १०:२०

फीस किती पडते फीसची? म्हणजे खर्च विचारतोय.

घोटभर | बुधवार, रात्री १०:३५

काका, शहराप्रमाणे आणि दवाखान्याप्रमाणे इतका फरक आहे की आकडा सांगून दिशाभूल करायची नाही. फोन करून विचारलेलं बरं. आणि तुमची दुर्बीण वेगळी, विसरू नका.

निवांतवाचक | गुरुवार, सकाळी ८:००

उमाशाचं मान्य. पण दाट पदार्थांवर मी ठाम आहे. ठसका लागणाऱ्या पेशंटला पाणी दाट करून दिलं की ठसका थांबतो, हे मी शेकडो वेळा बघितलंय. सगळीकडे दाट करायची पावडरही मिळते. मग यात चूक काय?

घोटभर | गुरुवार, दुपारी १:१५

डॉक्टरकाका, तुम्ही बघितलंय ते बरोबरच आहे. बहुतेक स्ट्रोकमध्ये गिळण्याची क्रिया उशिरा सुरू होते आणि पाणी तिच्या आधीच घसरतं. दाट केलं की ते हळू सरकतं, घशाला वेळ मिळतो. म्हणूनच काही चाचण्यांमध्ये आधी दाट आणि मग पाणी देतात.

पण समजा अडचण उशिराची नाही, दार न उघडण्याची आहे. अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूंचं एक कडं असतं, एरवी मिटलेलं. गिळताना ते सैल पडतं आणि स्वरयंत्र वर-पुढे उचललं जाऊन ते ओढून उघडतं. मेड्युलाच्या बाजूच्या झटक्यात हे नीट होत नाही, आणि त्या बाजूची घशाची भिंत दाबही देत नाही. अशा दारातून पाण्याची बारीक धार कशीबशी जाते. दाट पेज जात नाही. ती दाराबाहेरच्या खळगीत साचते. पेशंट म्हणतो "गिळलं". मग दोन मिनिटांनी, तुम्ही वाटी उचलून गेल्यावर, ती खळगी भरून श्वासनलिकेत ओसंडते. आणि दाट पदार्थ फुप्फुसातून बाहेर काढणं पाण्यापेक्षा अवघड. म्हणून या पेशंटला आत न बघता पेज देणं मला धोक्याचं वाटतं.

चहात बुडवलेल्या बिस्किटाचंही तसंच. ते मऊ दिसतं म्हणून सगळे देतात. पण तोंडात त्याचा लगदा एकीकडे आणि चहा दुसरीकडे होतो, दोन्ही वेगवेगळ्या वेगाने मागे जातात. रश्शातले तुकडे, दूध-पोहे, पातळ वरणात भात, सगळे याच जातीचे.

निवांतवाचक | गुरुवार, दुपारी २:००

हा ओसंडण्याचा भाग मला माहीत नव्हता. माझे काही पेशंट घट्ट पेजेवर असूनही छाती भरून गेले. ते आता आठवतायत.

क्षकिरण | गुरुवार, रात्री ९:२५

मी रेडिओलॉजीत टेक्निशियन आहे, बेरियमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. बेरियम सल्फेट शरीरात विरघळत नाही. घोटाचा थोडा अंश श्वासनलिकेत गेला तर बहुधा खोकल्याने आणि श्वासनलिकेच्या स्वतःच्या झाडलोटीने वर येतो. खूप गेलं तर त्रास होतो, म्हणूनच सुरुवात ३ मिलीपासून करतात आणि बाजूला सक्शन तयार ठेवतात. काही जण बेरियमच्या धास्तीने आयोडीनवालं पाण्यासारखं औषध मागतात. त्यातलं जुनं, तीव्र खारट प्रकारचं औषध फुप्फुसात गेलं तर ते तिथे पाणी ओढतं आणि फुप्फुसं भरतात, ते बेरियमपेक्षा वाईट. किरणं म्हणाल तर यंत्र सलग चालू ठेवत नाहीत, घोटापुरतंच दाबतात, सगळं मिळून काही मिनिटं.

एक विनंती. नुसतं "बेरियम स्वॅलो" लिहून आणू नका. त्यात पेशंटला पेलाभर बेरियम प्यायला लावून अन्ननलिका बघतात. तुमच्या बाबांना पेला देणं म्हणजे संकट. चिठ्ठीवर "मॉडिफाइड बेरियम स्वॅलो" किंवा "व्हिडिओफ्लुरोस्कोपी" हवं आणि खोलीत स्पीच थेरपिस्ट हवा. फिल्म नको, व्हिडिओ मागून घ्या.

गोदाकाठ | पुढचा बुधवार, रात्री ८:५०

काल पुण्याला जाऊन आलो. झटक्याला चोवीस दिवस झाले. इथे एवढं वाचून गेले होते म्हणून पडद्यावरचं कळत होतं, नाहीतर नुसत्या राखाडी सावल्या वाटल्या असत्या.

बाबांना खुर्चीत बाजूने बसवलं. पहिला घोट ३ मिली, पाण्यासारखा पातळ. जिभेने मागे नीट ढकलला. मग काळा थेंब घशाच्या तळाशी जाऊन थांबला, अगदी दार लावल्यासारखा. बाबांनी तीनदा गिळायचा प्रयत्न केला, बारीक धार खाली गेली, बाकी तिथेच. मग तो साचलेला भाग हळूच पुढे कलला आणि श्वासनलिकेत उतरला. स्वरपट्ट्यांच्या खाली. बाबा शांत बसलेले. थेरपिस्टने विचारलं, "काही वाटतंय?" म्हणाले, "नाही, गेलं खाली." त्यांनी खोकायला लावलं, थोडं वर आलं, सगळं नाही. आठाच्या मापावर आठ, असं त्या म्हणाल्या, म्हणजे सगळ्यात वाईट पायरी.

दाट केलेलं ३ मिली दिलं तर जवळजवळ सगळंच खळगीत राहिलं. घोटभर, तुम्ही लिहिलं होतं तस्संच. हनुवटी छातीला लावून बघितली, फरक नाही.

मग समोरून बघितलं, साचलेलं सगळं डाव्या खळगीत होतं. त्यांनी बाबांना मान पूर्ण डावीकडे वळवून गिळायला सांगितलं. आणि ३ मिली पातळ उजव्या बाजूने सरळ खाली गेलं! मी रडले तिथे. ५ मिली दोनदा गिळून गेलं. १० मिलीला पुन्हा सांडलं.

नळी चालू ठेवायचीय. थेरपिस्टच्या समोर दिवसातून दोनदा ३ ते ५ मिली पाणी, मान डावीकडे, दोनदा गिळणं, मग मुद्दाम खोकणं. शिवाय उताणं झोपून फक्त डोकं उचलून पायाचे अंगठे बघायचा व्यायाम.

घोटभर | बुधवार, रात्री ९:४५

किती नेमकं लिहिलंत. मान लुळ्या बाजूला वळवली की ती बाजू दुमडून बंद होते, घोट चांगल्या बाजूनेच जातो आणि दारावरचा ताणही थोडा सैल पडतो. पण ही युक्ती पडद्यावर ज्याची जमली त्याचीच. हे वाचून कुणी आपल्या घरच्या पेशंटची मान वळवून पाजू नका, चुकीच्या बाजूला वळवली तर आणखी सांडतं.

डोकं उचलण्याचा व्यायाम स्वरयंत्र वर-पुढे ओढणाऱ्या स्नायूंसाठी आहे. मिनिटभर धरायचं, मिनिटभर विश्रांती, असं तीनदा, मग सलग तीस वेळा उचलणं, दिवसातून तीनदा, सहा आठवडे. खांदे उचलायचे नाहीत. पहिल्या आठवड्यात एवढं कुणालाच जमत नाही, दहा-पंधरा सेकंदांपासून सुरू करा. ब्लडप्रेशर आणि मानेचे मणके मात्र डॉक्टरांना विचारून घ्या.

अंबाडी | बुधवार, रात्री १०:१०

मी "थांबा, आपोआप येतं" म्हणाले होते. बरं झालं ऐकलं नाहीत. आता नाकातल्या नळीचं काय? आमच्या शेजारच्या काकांना पोटातून नळी घातली, तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं की आता संपलं.

आशा_सिस्टर | गुरुवार, सकाळी ६:४०

पोटातली नळी म्हणजे शेवट नाही, ती काढताही येते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नाकातलीच बरी, कारण बऱ्याच जणांना पुढे लागतच नाही. महिना उलटायला आला आणि अजून बराच काळ लागेल असं दिसलं की पोटातलीचा विचार करतात. नाकातली वारंवार निघते, आणि घशातून जाते म्हणून गिळायचा सराव करतानाही टोचते. माझ्या अनुभवात पोटातली घातल्यावर पेशंट सरावाला जास्त तयार होतो. मी असते तर घातली असती.

घोटभर | गुरुवार, दुपारी १२:३०

आशाताई, इथे मी थोडी वेगळी आहे. मान वळवून ५ मिली जातंय, म्हणजे दार अगदीच बंद नाही. मी अजून तीन आठवडे नाकातल्या बारीक नळीवर थांबले असते आणि मग पुन्हा तपासणी केली असती. पण ६७ किलोवरून वजन आणखी उतरत असेल तर थांबण्यात अर्थ नाही. हा निर्णय ताईंच्या डॉक्टरांनी बाबांना बघून घ्यायचा आहे. दोन्ही बाजूंना कारणं आहेत.

गोदाकाठ | गुरुवार, रात्री ११:०५

आज वजन ६६.४. डॉक्टर सोमवारी ठरवू म्हणाले. मी अजून गोंधळलेली आहे, आईला पोटातली नळी नको वाटते.

घोटभर, एक विचारायचं राहिलं. पाण्याऐवजी ते ३ मिली चहाचे दिले तर चालतील का? बिनदुधाचा, गाळून, कोमट. बाबांनी थेरपिस्टला विचारलं, त्या म्हणाल्या पुढच्या वेळी सांगते.

घोटभर | शुक्रवार, सकाळी ७:१५

त्यांनाच ठरवू द्या, पण कारण सांगते म्हणजे विचारायला सोपं जाईल. साधं पाणी थोडं आत गेलं तरी फुप्फुस ते शोषून घेतं, तोंड स्वच्छ असेल तर. साखर-दूध घातलेलं तसं नाही. बिनसाखरेचा, बिनदुधाचा कोरा चहा पाण्याच्या बराच जवळ आहे. त्यांच्यासमोर, दात घासून झाल्यावर, मान वळवून आणि सिरिंजने मोजून. कपातून नाही.